भाड्याचं ऑफिस मशीन, वर्षभराच्या वापरानंतर: ‘लहान फाइल’ने 6 चा 8 केला, त्याबद्दल सविस्तर

आमचं ऑफिस ठाण्यात नौपाड्यात आहे. काम सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कागदपत्रं जुळवण्याचं. त्यामुळे दिवसभर स्कॅनिंग चालूच असतं. गेल्या पावसाळ्याआधी एक मोठं कॉपी-प्रिंट-स्कॅन मशीन महिन्याच्या भाड्याने घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी चांगलं सांगतो. फीडरला जुने, मऊ पडलेले कागदही चालतात, एकदम दोन पानं ओढण्याचा त्रास जवळजवळ नाही. दोन्ही बाजू एकाच फेरीत स्कॅन होतात. टोनर संपायच्या आत भाडेवाला माणूस पाठवतो. जुलैच्या दमटपणात प्रिंटचे कागद थोडे वळतात, पण ते ठाण्यात कुठल्याही मशीनवर होणारच.

आता मूळ मुद्दा. स्कॅनच्या मेन्यूत काळ्या-पांढऱ्या पीडीएफसाठी दर्जाच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची म्हणजे लहान फाइल. मशीन बसवणाऱ्याने तीच कायमची लावून दिली होती. ऑनलाइन अर्जांना फाइलच्या आकाराची मर्यादा असते, म्हणून कोणाची तक्रारही नव्हती. मग एका सोसायटीच्या चटई क्षेत्राच्या तक्त्यावर खजिनदार काका अडले. एका विंगच्या चार फ्लॅटची बेरीज जुळत नव्हती. मूळ कागद आणि त्याचा स्कॅन शेजारी ठेवल्यावर असं दिसलं (क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये):

```
         कागद      स्कॅन
101      36.42     38.42
102      38.65     38.65
103      38.42     38.42
104      41.26     41.26
एकूण    154.75    154.75
```

स्कॅनमधल्या चार आकड्यांची बेरीज १५६.७५ येते आणि खाली छापलंय १५४.७५. फरक बरोबर २.००. एककाच्या जागी 6 चा 8 झाला की फरक नेमका दोनचाच पडणार, दशांशाच्या पहिल्या घरात झाला असता तर ०.२० चा. दोन चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एवढ्यावरून काय रामायण होतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

यात भीतीदायक गोष्ट अशी की तो 8 अजिबात पुसट नव्हता. कडा स्वच्छ, शाई गडद. कागद हातात नसता तर कोणालाही शंका आली नसती.

भाडेवाल्याकडचा मुलगा आला आणि म्हणाला, “सर, ओसीआर बंद करा, तेच चुकीचं वाचतंय.” पण ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय, आधीपासून बंदच होती. आणि ओसीआर चुकलं तरी ते चित्राच्या मागे दडलेला मजकूर चुकीचा लिहितं, डोळ्यांना दिसणारं पान तसंच राहतं. इथे चित्रच बदललं होतं.

दोष होता JBIG2 नावाच्या पद्धतीच्या एका वापरात. फक्त काळे आणि पांढरे ठिपके असलेल्या चित्रांसाठीची ही पद्धत २००० च्या सुमारास ठरली, आणि पीडीएफमध्ये ती १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. तिची एक रीत साधी आहे: पानावरचा प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राखायचा. दुसरी रीत मात्र रबरी शिक्क्यांसारखी चालते. पानावरचा एकेक अक्षराकार वेगळा काढायचा. त्याच्यासारखा आकार आधी येऊन गेला असेल तर नवा साठवायचाच नाही, ‘जुनाच शिक्का इथेही मारा’ एवढीच नोंद ठेवायची. मराठीचा किंवा इंग्रजीचा प्रश्न इथे येतच नाही, मशीनला ते आकडे आहेत हेही ठाऊक नसतं. दोन आकारांत किती ठिपके वेगळे आहेत एवढंच ते मोजतं, आणि फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असला की दोन्ही एकच धरतं.

ही मर्यादा कुठे फसते ते आकड्यांतच पाहा. आमचा तक्ता सात पॉइंटच्या अक्षरात होता, स्कॅन २०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०० ठिपके. त्या आकारात एक आकडा साधारण १४ ठिपके उंच आणि नऊएक ठिपके रुंद बसतो, म्हणजे सव्वाशे ठिपक्यांची चौकट. 6 आणि 8 मधला खरा फरक काय, तर 6 च्या उजवीकडे वर जी फट असते ती. रेघेची जाडी दोन ठिपके धरली तर ती फट चार ते सहा ठिपक्यांची भरते. आता त्याच पानावरचे दोन अस्सल 8 घ्या. कागदाचा पोत, शाईचा पसारा, कागद किंचित तिरका जाणं, यांमुळे त्यांच्या कडांवरचेही पाच-सहा ठिपके सहज इकडचे तिकडे होतात. म्हणजे दोन 8 मध्ये जेवढा फरक, तेवढाच 6 आणि 8 मध्ये. मर्यादा सैल ठेवली की दोन 8 एकत्र येतात, फाइल लहान होते, आणि सोबत एखादा 6 ही त्यात ओढला जातो.

डीपीआय वाढवल्यावर फायदा होतो तो यामुळेच. ४०० डीपीआयवर ती फट दोन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट होते. कडेवरचा गोंधळ मात्र कडेच्या लांबीच्या हिशोबाने, दुपटीच्या आसपासच वाढतो. धोका कमी होतो. संपत नाही, कारण मर्यादा किती सैल आहे ते मशीन बनवणाऱ्याच्या हातात असतं.

हे नवीनही नाही. २०१३ च्या जुलैअखेर डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या वर्कसेंटर मशीनवर बांधकामाचा एक नकाशा स्कॅन केला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. पुढे खर्चाच्या तक्त्यात 6 चे 8 झालेलेही त्याने दाखवले. कंपनीने आधी दर्जाच्या खालच्या पायरीकडे बोट दाखवलं, पण वरच्या पायऱ्यांवरही तसंच घडतं हे त्याने दाखवून दिलं आणि मग दुरुस्तीचं सॉफ्टवेअर निघालं. २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने कागदांऐवजी जपून ठेवायच्या स्कॅनसाठी JBIG2 वापरू नये असं ठरवलं. आमचं मशीन त्या मालिकेतलं नाही, पण पद्धत तीच आहे.

फाइल संशयित आहे का हे कसं ओळखायचं? पॉपलर या फुकट सॉफ्टवेअर-संचातली एक आज्ञा पुरते:

```
pdfimages -list takta.pdf
```

`enc` या रकान्यात `ccitt` असेल तर निश्चिंत राहा, त्यात एकही ठिपका हलत नाही. `jpeg` असेल तर आकडा धूसर होईल, पण दुसऱ्याचा होणार नाही. धूसर दिसला की निदान माणूस शंका तरी घेतो. `jbig2` असेल तर मात्र पुढे तपासावं लागतं, कारण ठिपके जसेच्या तसे राखणारी रीतही याच नावाखाली येते. तेव्हा हे चालवा:

```
pdfimages -all takta.pdf pan
```

यातून `.jb2e` सोबत `.jb2g` फाइल बाहेर पडली तर ती शिक्क्यांची पेटी समजा. नाही पडली तरी लगेच सुटका मानू नका, कधीकधी शिक्के पानाच्या आतच भरलेले असतात. भरवशाची खूण डोळ्यांनीच मिळते. `-png` लावून चित्र काढा, आठशे टक्के मोठं करा आणि एकाच पानावरचे चार-पाच 8 शेजारी ठेवा. खऱ्या स्कॅनमध्ये दोन 8 ठिपक्याला ठिपका सहसा जुळत नाहीत. सगळे तंतोतंत एक निघाले तर तिथे शिक्के मारले गेलेत. त्याने चूक सिद्ध होत नाही, पण त्या फाइलमधल्या एकाही आकड्याची हमी उरत नाही.

बेरजेमुळे आम्ही वाचलो. पण सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, दस्ताची तारीख यांना बेरीज नसते. जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर आधीच्या अक्षरांवरून ठरतं, आधारचा शेवटचा आकडाही तसाच, त्यामुळे तिथली अदलाबदल निदान संगणकाला पकडता येते. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकाला असं काही कवच नाही. देवनागरीत जोडलेल्या शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच आकार धरला जातो, म्हणून शब्द तुलनेने सुरक्षित. आकड्यांना शिरोरेषा नाही, ते सुटेच सापडतात. झेरॉक्सची झेरॉक्स झालेल्या उताऱ्यावर १ आणि ९ मध्ये गाठीपुरताच फरक उरतो, हे लक्षात ठेवा.

आम्ही काय बदललं: मशीनच्या वेब पानावर काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी JBIG2 ऐवजी MMR निवडलं. हे आणि पीडीएफमधलं `ccitt` एकच, फॅक्सच्या काळातली पद्धत. डीपीआय ३०० केला, आणि सहा-सात पॉइंटचे तक्ते असतील तर ४००. ए-फोरचं पान ३०० डीपीआयवर न दाबता सुमारे एक एमबी भरतं. MMR नंतर आमचे मजकुराचे कागद साधारण पन्नास-साठ केबी होतात, शिक्क्यांच्या रीतीत याच्या निम्मे होत होते. म्हणजे पानामागे पंचवीस-तीस केबी वाचवायला ही सगळी उठाठेव. अर्जाची मर्यादा ओलांडली तर फाइल दोन भागांत करतो.

रंगीत स्कॅन लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. जास्त दाबलेल्या रंगीत पीडीएफमध्ये बऱ्याचदा अक्षरांचा थर वेगळा काढून तो काळा-पांढरा दाबलेला असतो, आणि त्या थरात JBIG2 असू शकतं. `-list` च्या यादीत एकाच पानावर `jpeg` आणि `jbig2` अशा दोन ओळी दिसल्या की समजायचं.

संगणकावर फाइल नंतर लहान करायची असेल तर मी हे वापरतो:

```
ocrmypdf -l mar+eng --optimize 1 in.pdf out.pdf
```

हेही JBIG2 वापरू शकतं, पण ठिपके राखणाऱ्या रीतीने. जुन्या आवृत्त्यांत `--jbig2-lossy` असा पर्याय होता, तो कोणाच्या स्क्रिप्टमध्ये उरला असेल तर काढून टाका. `jbig2` ही आज्ञा थेट चालवणाऱ्यांनी `-s` टाळावं, शिक्क्यांची रीत त्यानेच सुरू होते.

एकदा बदललेला आकडा परत आणता येत नाही. मूळ ठिपके फाइलमध्ये नसतातच, त्यामुळे टिफ करून, ओसीआर करून किंवा दर्जा वाढवून साठवून काही हाती लागत नाही. ज्यांचे कागद अजून आमच्याकडे होते ते पुन्हा स्कॅन केले. ज्यांचे परत गेले होते त्या सोसायट्यांना पत्रं पाठवून कळवलं.

मशीनला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सेवेचा कापलाय: सॉफ्टवेअर अपडेट करून माणूस गेला की दर्जाची पायरी परत लहान फाइलवर आलेली असते. म्हणून भाड्याच्या नव्या करारात एक ओळ घालून घेतली. प्रत्येक भेटीनंतर भाडेवाल्याने आमची चाचणीची पट्टी स्कॅन करून द्यायची. पट्टीवर सहा, सात आणि आठ पॉइंटमध्ये 6 आणि 8 उलटसुलट छापलेले आहेत. ती फाइल `pdfimages` मध्ये `ccitt` दाखवत नाही तोवर भेटीच्या कागदावर सही मिळत नाही.