बाहेरून चोवीस इंच, आतून साडेपंधरा : वॉर्डरोब आणि लॉफ्ट करून घेणाऱ्यांसाठी

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी बेडरूममध्ये भिंत ते भिंत सात फूट वॉर्डरोब आणि त्यावर दोन फूट उंचीचा लॉफ्ट करून घेतला. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं : 'डेप्थ २४ इंच'. दर समोरच्या चौरस फुटाचा. वॉर्डरोब ४९ चौ. फूट, लॉफ्ट १४ चौ. फूट. डिसेंबरमध्ये काम झालं, फिनिशिंग सुरेख होतं, आम्ही त्याच दिवशी उरलेले सगळे पैसे देऊन टाकले.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येऊन गेले. त्यांची अंथरुणं आवरताना मी चादरी लॉफ्टमध्ये रचल्या. आपली सोलापुरी चादर साधारण ६० बाय ९० इंच असते. दोन्हीकडून चौपदरी केली की पंधरा बाय साडेबावीसची घडी होते. पंधरा इंचाची बाजू आत घालून ठेवल्या, मस्त बसल्या. म्हणून तोवर काहीच लक्षात आलं नाही. शेवटी मोठी सुटकेस वर चढवायला गेलो. बाजारात जिला २८ इंची म्हणतात, ती चाकांसकट मोजली तर ३१ इंच लांब, साडेवीस रुंद आणि साडेबारा जाड भरते. ती कशीही घातली तरी आत मावेना.

टेप आत घातला तर साडेपंधरा इंच! मागच्या प्लायवर टकटक केलं तर पोकळ आवाज आला. लॉफ्टचं तोंड खालच्या वॉर्डरोबच्या रेषेत बरोबर जुळवलं होतं, पण पेटी सोळाच इंचांची होती आणि तिच्यामागे भिंतीपर्यंत आठ इंच रिकामी जागा झाकून टाकली होती. दोन्ही बाजूंना भिंत असल्यामुळे बाहेरून कुणाला कळणारच नाही.

हे का केलं असेल, ते नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी कागदावर काढून दाखवलं. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची. चोवीस इंचांच्या पट्ट्या कापल्या तर एका शीटमधून दोनच निघतात, सोळाच्या तीन. तळाला एक पट्टी, वरती एक, आणि तिसरीत दोन बाजू नि दोन पार्टिशन असे चारही उभे तुकडे. म्हणजे आमच्या लॉफ्टची सगळी पेटी एका शीटमध्ये उरकली, दुसरी शीट वाचली. बिल समोरच्या चौरस फुटावर असल्याने डेप्थ कमी केली तरी त्याचा एक रुपयाही कमी होत नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

पहिल्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "ताई, वॉर्डरोबची डेप्थ चोवीसच आहे की. लॉफ्टचं वेगळं कुठं लिहिलंय?" आणि खरंच, लिहिलेलं नव्हतं.

मग वॉर्डरोबही आतून मोजला. तिथं पावणेवीस निघाले. बेडमुळे जागा कमी पडेल म्हणून त्यानं आम्हाला स्लायडिंग शटर घ्यायला लावले होते. दोन शटर आणि त्यांचे ट्रॅक मिळून साडेतीन ते चार इंच खातात, मागचा प्लाय पाव इंच. नुसता हँगर सतरा-अठरा इंचांचा असतो, पण त्यावर शर्ट टांगला की बाह्यांसकट बावीस इंच मोकळे लागतात. ह्यांच्या शर्टांच्या बाह्या शटरला का घासतात, ते तेव्हा कळलं. स्लायडिंग हवं असेल तर बाहेरून सव्वीस इंच तरी धरायला हवे होते. ही गोष्ट त्यानं आधी सांगायला हवी होती.

दुसऱ्या मिस्त्रींनी लॉफ्टचा मागचा प्लाय काढून पेटी भिंतीपर्यंत वाढवली. तरी सुटकेस जाईना! "वहिनी, नुसती डेप्थ वाढवून भागणार नाही, पार्टिशनबी नडतंय," ते म्हणाले. दोन पार्टिशनमुळे प्रत्येक कप्पा सत्तावीस इंच रुंद, आणि सुटकेसची लांबी एकतीस. ती चोवीस इंच डेप्थमध्ये सरळ आत जात नाही, आडवीच ठेवावी लागते. दोन्ही पार्टिशन काढून मधोमध एकच घातलं, तेव्हा एकेचाळीस इंचांचे दोन कप्पे झाले. शटरची फळी आणि बिजागऱ्याही त्याप्रमाणे बदलाव्या लागल्या. खाली शर्टांच्या कप्प्यात आडवा रॉड काढून समोर ओढता येणारा रॉड लावला, त्यामुळे कपडे आपल्याकडे तोंड करून टांगले जातात आणि पावणेवीस इंचांत मावतात. मात्र कमी कपडे बसतात, हे मान्य करावं लागलं. या दुरुस्तीला साडेनऊ हजार गेले.

आता नणंदेच्या घरी काम निघालंय. तिच्या कोटेशनमध्ये मी हाताने लिहून घेतलं : 'शटर बंद असताना आतली मोकळी डेप्थ, वॉर्डरोब २२ इंच, लॉफ्ट २२ इंच, लॉफ्टचा एक कप्पा आतून किमान ३४ इंच रुंद.' मागचा प्लाय ठोकण्याआधी टेप लावून बघायचं आणि शेवटचा हप्ता घरातली सगळ्यात मोठी सुटकेस वर ठेवून शटर लावून झाल्यावरच द्यायचा, असं मिस्त्रींसमोरच ठरलंय.