डीएनए मॉडेल किट, सहा महिन्यांनंतर: दोन्ही खोबणी सारख्याच!

पट्ट्या किती, प्लास्टिक कसलं, हे सगळं विक्रीच्या पानावर दिलेलंच आहे, त्यामुळे ते परत लिहीत नाही. सांगलीत बीएस्सी बायोटेकच्या मुलांना शिकवते. डेडस्टॉकमधून मंजुरी येईपर्यंत सेमिस्टर संपलं असतं, म्हणून दिवाळीआधी साडेतीन हजार रुपये स्वतःच्या खिशातून घातले. खालचा राग कुठून आला हे त्यावरून कळेल.

पहिले दोन महिने तक्रार नव्हती. शिडी छान उभी राहते, पीळ उजवा आहे (स्वस्त मॉडेलमध्ये हेही चुकतं), दहा जोड्यांना एक फेरा आणि फेऱ्याची उंची सतरा सेंटीमीटर. खरा फेरा 34 अँगस्ट्रॉमचा, म्हणजे मॉडेलचा एक सेंटीमीटर बरोबर दोन अँगस्ट्रॉम. पेशीतल्या डीएनएत फेऱ्याला साधारण साडेदहा जोड्या असतात, पण अर्ध्या जोडीसाठी मी भांडत नाही.

भांडण झिंक फिंगर, म्हणजे डीएनएला धरणारा प्रथिनाचा बोटासारखा तुकडा, शिकवताना सुरू झालं. किटसोबत प्रथिनाच्या हेलिक्ससाठी, म्हणजे मळसूत्री तुकड्यासाठी, एक दांडी येते, जाडी साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे अकरा अँगस्ट्रॉम. बाजूच्या साखळ्या धरून अल्फा हेलिक्सची जाडी साधारण तेवढीच असते, तेव्हा दांडी बरोबर आहे. मी ती मेजर ग्रूव्हमध्ये, म्हणजे डीएनएच्या रुंद खोबणीत, बसवायला गेले तर बसेना. मायनरमध्ये, म्हणजे अरुंद खोबणीतही बसेना. मोजपट्टी लावून मोजलं तर दोन्ही खोबण्यांत मोकळी जागा साडेचार सेंटीमीटर. खऱ्या डीएनएत फॉस्फेटची जाडी वजा करून मेजर ग्रूव्हमध्ये सुमारे 12 आणि मायनरमध्ये सुमारे 6 अँगस्ट्रॉम जागा उरते. या किटच्या मापात ती सहा आणि तीन सेंटीमीटर हवी होती. कंपनीने दोन्हींची सरासरी काढून समान वाटणी केली आहे! वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, "मॅडम, मग प्रथिन मेजरमध्येच का जातं?" मॉडेलकडे पाहून याचं उत्तर देता येत नाही.

कारण साच्यात आहे. खऱ्या जोडीत साखरेला जोडणारे दोन बंध समोरासमोर नसतात, दोन्ही एका बाजूला झुकलेले असतात. म्हणून एका बाजूला साधारण 120 अंशांचा कोन आणि दुसऱ्या बाजूला 240 अंशांचा. छोट्या कोनाकडे मायनर ग्रूव्ह, मोठ्याकडे मेजर. किटमध्ये जोडी दाखवणाऱ्या पट्टीच्या दोन टोकांना अगदी सरळ रेषेत भोकं आहेत, मग खोबण्या सारख्या होणार नाहीत तर काय?

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, बाकी कोणाची तक्रार नाही." फोटो पाठवले, मोजमापं पाठवली. बदली पट्ट्या आल्या, त्याच साच्यातल्या. पुन्हा फोन केला तर, "परीक्षेत ए-टी, जी-सी एवढंच विचारतात ना?" त्या दिवशी मी एक स्टार देऊन टाकला होता.

आता तो तीन करते आहे. कारण या किटमध्ये प्रत्येक जोडी अख्खी बाहेर काढून उलटी लावता येते, आणि त्याची खरी किंमत मला नंतर कळली. पट्टीच्या कडांवर कंपनीने काहीच दाखवलेलं नाही, आणि प्रथिन वाचतं ते कडाच. ते जोडी उघडत नाही, बाहेरून हात लावतं. गणपती पेठेतून टिकल्यांची चार पाकिटं आणली. हायड्रोजन बंध स्वीकारणाऱ्या जागेला लाल, देणाऱ्या जागेला निळी, थायमिनच्या मिथाइलला पिवळी, साध्या हायड्रोजनला पांढरी. मेजर ग्रूव्हच्या कडेवर ए-टीचा क्रम लाल, निळी, लाल, पिवळी. जोडी उलटवली की पिवळी, लाल, निळी, लाल. जी-सीला लाल, लाल, निळी, पांढरी, आणि उलटवल्यावर पांढरी, निळी, लाल, लाल. चार जोड्या, चार वेगळ्या ओळी.

मग हेच मायनरच्या कडेवर केलं. ए-टी लाल, पांढरी, लाल. उलटवली तरी लाल, पांढरी, लाल. जी-सी लाल, निळी, लाल, आणि उलटून पुन्हा तेच. तिथून ए-टी की जी-सी एवढं कळतं, पण कोणतं अक्षर कोणत्या धाग्यावर आहे ते कळत नाही. मुलांनी स्वतः उलटवून पाहिलं, मला बोलावं लागलं नाही. मायनरमध्ये बसणारी प्रथिनं आहेतच, टाटा बॉक्स या डीएनएतल्या क्रमावर बसणारं टीबीपी त्यातलं, पण ते खोबण उघडून डीएनए चांगलाच वाकवतं.

खोबण्यांचा प्रश्न शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या दादांनी सोडवला. कागदावर कोन काढून दिला, त्यांनी जिग बनवून सगळ्या पट्ट्यांना नवी भोकं पाडली, तीनशे रुपये घेतले. वर विचारलं, "हे कशाचं गिअर आहे?" आता दांडी मेजरमध्ये घट्ट बसते आणि मायनरमध्ये शिरत नाही.

त्यावर मी झिफ 268 लावलं. उंदराचं प्रथिन, तीन झिंक फिंगर. पाव्हलेटिच आणि पाबो यांनी 1991 मध्ये ते डीएनएला धरलेल्या अवस्थेत क्रिस्टलमध्ये दाखवलं. डीएनएवर ते धरतं ती जागा GCGTGGGCG. एका बोटाच्या वाट्याला तीन अक्षरं, आणि पहिलं बोट या ओळीच्या उजव्या टोकाला, म्हणजे प्रथिन उलट दिशेने बसतं. जस्त स्वतः काही वाचत नाही. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन त्याला धरतात, त्यामुळे तीसेक अमिनो आम्लांचा तुकडा ताठ राहतो आणि हेलिक्सचं टोक खोबणीत रोखलेलं राहतं.

मधलं बोट घ्या, वाट्याला TGG. हेलिक्सच्या तोंडाशी असलेल्या आर्जिनीनच्या टोकाला दोन देणारे हात आहेत, ते शेवटच्या जीवरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन लाल टिकल्यांवर बरोबर बसतात. सलग दोन लाल ए-टीच्या कडेवर कुठेही नाहीत, म्हणून हा बंध पक्का. मधल्या जीला हिस्टिडीन एकाच बंधाने धरतो. टीला मात्र कोणीच थेट हात लावत नाही! पूर्ण जागेत सहा जी आहेत, पाचांना आर्जिनीन, एकाला हिस्टिडीन. मुलं लगेच म्हणतात, मग तीन-तीन अक्षरांचा कोश बनवा. तो इतका सरळ बनत नाही, कारण त्याच हेलिक्सवरचं अ‍ॅस्पार्टेट आर्जिनीनला आधार देता देता समोरच्या धाग्यावर, शेजारच्या बोटाच्या हद्दीतही डोकावतं. एक बोट बदललं की शेजारच्याची निवड हलू शकते. हे प्लास्टिकमध्ये दिसत नाही, तोंडीच सांगावं लागतं.

हेलिक्स-टर्न-हेलिक्स या डीएनएला धरणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रचनेसाठी दुसरी दांडी लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागते (अर्थातच). मी बाजारातून पाइप आणून कापला. लॅम्डा फेज या विषाणूचं क्रो प्रथिन जोडीने बसतं आणि त्याच्या दोन वाचणाऱ्या हेलिक्समध्ये सुमारे 34 अँगस्ट्रॉम अंतर असतं, म्हणजे बरोबर एक फेरा. म्हणून दोघी डीएनएच्या एकाच बाजूने लागोपाठच्या दोन मेजर ग्रूव्हमध्ये उतरतात, आणि जागेचे दोन्ही अर्ध एकमेकांचे उलट असतात. सतरा सेंटीमीटरवर दोन पाइप धरले की पोरांना हे मिनिटात समजतं. कंपनीचं फेऱ्याचं माप बरोबर असल्याचा इथे फायदा झाला, तेवढं श्रेय देते.

भोकं पाडल्यामुळे वॉरंटी गेली, असं त्यांनी ईमेलवर कळवलंय. स्टँडचा स्क्रू सैल होतो, तिथे वॉशर घाला. टिकल्या एप्रिलच्या उन्हात सुटतात, नेलपॉलिशचे ठिपके जास्त टिकतात. किट घेणारच असाल तर पैसे भरण्याआधी पट्टीचा वरून काढलेला फोटो मागा आणि दोन भोकं सरळ रेषेत आहेत का तेवढं बघा.