रांजणवाडी की डोळ्यामागचा संसर्ग?

पाच वर्षांच्या भाच्याची पापणी सुजली. शेक द्यावा की रात्रीच दवाखाना गाठावा, असं ताईनं विचारलं.

रांजणवाडीत पापणीच्या कडेला एकच दुखरी पुळी येते. ताप नसतो, नजर स्वच्छ असते. दिवसातून तीन-चारदा दहा मिनिटं कोमट शेक दिला की साधारण आठवड्यात ओसरते. पिळायची मात्र नाही.

भाच्याला सर्दीनंतर ताप होता, अख्खी पापणी लाल होती आणि डोळा फिरवला की तो रडायचा. सायनसमधला संसर्ग पातळ हाडातून डोळ्यामागे उतरला की असं होतं. तिथे दृष्टीची नस दाबली जाते, म्हणून भरती, सीटी स्कॅन आणि शिरेतून अँटिबायोटिक.

ताप नसलेल्या पुळीला शेक पुरतो. ताप, पुढे आलेला डोळा किंवा अंधुक नजर असेल, तर त्याच रात्री रुग्णालय.