झोपेत खेळणं धरणारं पिल्लू

जाहिरातीत अकरा फोटो होते. त्यातला मला सगळ्यात आवडलेला अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पगचं पिल्लू गादीवर आडवं झालंय, हनुवटी उशीच्या काठावर टेकवलीय आणि तोंडात कापडी ससा आहे. खाली विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'झोपेतही खेळणं सुटत नाही!' लेकीने तो फोटो पाहिला आणि आमच्या घरातली चर्चा तिथेच संपली.

दोन महिन्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलापाशी मी तोच फोटो कौतुकाने पुढे केला. मॅडमनी तो दोन बोटांनी मोठा केला, जरा वेळ बघितला आणि म्हणाल्या, "तुम्हाला हा खेळतोय असं वाटलं का? नाकाने श्वास पुरत नाही त्याला. तोंड मिटलं की गुदमरतो. तोंडात काही अडकवून ठेवलं की ते मिटत नाही, आणि हनुवटी वर ठेवली की घसा जरा मोकळा राहतो. झोपायची सोय केलीय त्याने स्वतःची."

मी गप्प बसले. आठ-नऊ आठवड्यांच्या जिवाने शोधलेली ती युक्ती विकणाऱ्याने जाहिरातीला लावली होती आणि आम्ही त्यालाच भुललो होतो.

तोवर घरात काय चाललं होतं तेही सांगते. ढब्बू आला त्या दिवसापासून घोरायचा, अगदी जागेपणीसुद्धा. जेवताना मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खायचा. जेवणानंतर कधी पांढरा फेस ओकायचा. विकणाऱ्याला विचारलं तर ठरलेलं उत्तर यायचं, "अहो, पग असेच असतात. जातच तशी आहे." हे वाक्य मी तेव्हा माहिती म्हणून ऐकलं. एके दिवशी जिना चढून आल्यावर त्याची जीभ जांभळट दिसली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे धावलो.

मॅडमनी त्याचं नाक समोरून दाखवलं. मी रोज पाहत होते, पण तसं कधीच पाहिलं नव्हतं. उघडी नाकपुडी म्हणजे आतून काळोख दिसणारं, स्वल्पविरामाच्या आकाराचं भोक. ढब्बूच्या नाकावर जेमतेम दोन उभ्या चिरा होत्या. नाकपुडीची बाहेरची भिंत आत झुकून मधल्या पडद्याला टेकली होती आणि फक्त खालच्या टोकाला थोडी फट होती. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत, असं त्या म्हणाल्या: उघडी, किंचित अरुंद, मध्यम आणि गंभीर. बाहेरची भिंत मधल्या पडद्याला टेकत नाही तोवर पहिल्या दोन. वरच्या भागात टेकली आणि खालीच फट उरली की तिसरी. जवळजवळ बंदच झाली की चौथी, आणि असा कुत्रा जरा धावला किंवा घाबरला की तोंडाने श्वास घ्यायला लागतो. धावल्यावर नाकपुडीची बाहेरची बाजू प्रत्येक श्वासाला बाहेर उघडते की नाही, हेही बघायचं असतं. ढब्बूची हलतच नव्हती. त्याची तिसरी पायरी.

त्या रात्री मी अकरा फोटो नव्याने काढून बसले. हे काम खरं तर घ्यायच्या आधी करायचं होतं.

समोरून, नाकाच्या उंचीवरून, तोंड मिटलेलं असताना काढलेला एकही फोटो त्यात नव्हता. सहा फोटो वरून काढलेले. मोबाइल वरून जवळ धरला की कपाळ आणि डोळे मोठे दिसतात, नाक खाली दडतं, आणि पिल्लू अजूनच 'गोड' होतं. तीन फोटोंत तोंड उघडं, जीभ बाहेर, खाली 'स्मायली बॉय'. पगचं नाक काळं आणि भोवतीचं तोंडही काळं, त्यामुळे साध्या उजेडात चिरा उठून दिसतच नाहीत. त्यावर चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर लावला की उरलीसुरली रेघही पुसली जाते. मी एक फोटो उजळ करून फक्त नाकाचा भाग कापून मोठा केला, तर नाकाच्या जागी काळा, सपाट, मेणासारखा गोळा दिसला. नाकपुड्या बंद होत्या की उघड्या, हे त्यावरून कळत नव्हतं. पण फिल्टर लावलाय हे कळत होतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटायला हवं होतं.

सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ होता, त्यावर गाणं टाकलेलं. मूळ आवाजाचा पाठवा म्हटलं तेव्हा "फोन बदलला" असं उत्तर आलं होतं. श्वासाचा आवाज ऐकायला मिळू नये म्हणून गाणं टाकतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही. वडील म्हणून दाखवलेला पग आणखी दोन जाहिरातींत वेगळ्या नावांनी सापडला. आईचा फोटो मात्र खरा असावा, कारण तो तसा वाईटच होता. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती आणि तरीही बुबुळाच्या दोन्ही बाजूंना डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. तिरकं बघताना पांढरं कुठल्याही कुत्र्याचं दिसतं, त्याला महत्त्व नाही. सरळ बघतानाही दिसत असेल तर डोळा खोबणीत नीट बसलेला नाही आणि पापण्यांना तो पुरता झाकता येत नसण्याची शक्यता असते.

डोळ्यांबद्दल हे मला कळलं ते किंमत मोजून. ढब्बूच्या नाकावर कातडीची जाड घडी आहे. जाहिरातीत तिच्यावर दोनदा रिबन होती, बाकी वेळा कोन असा की ती दिसणार नाही. या घडीवरचे केस डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात टोचतात. एका सकाळी तो उजवा डोळा मिटूनच बसला, पाणी वाहत होतं. मी पुन्हा त्याच माणसाला फोन केला (हो, पुन्हा, आपला माणूस समजत होते मी त्याला). त्याने थेंबांच्या बाटलीचं नाव सांगितलं. नशीब, घालण्याआधी मॅडमना विचारलं. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड घातलं तर जखम भरत नाही, वाढते, कधी आरपार जाते. त्यांनी डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकला, धुतला, निळा दिवा धरला, आणि बुबुळाच्या कडेला मसुराएवढा हिरवा ठिपका चमकला. तीच जखम. ब्रिटनमधल्या 2015च्या एका अभ्यासात नाकावर घडी असलेल्या कुत्र्यांमध्ये अशा जखमेचा धोका जवळपास पाचपट आणि डोळ्याचं पांढरं दिसणाऱ्यांमध्ये जवळपास तिप्पट आढळला होता. ढब्बूच्या चेहऱ्यावर दोन्ही गोष्टी आहेत.

आरोग्याच्या दाखल्याचं विचाराल तर तोही होता, खराच होता. लसी दिल्याचं आणि जंत नसल्याचं त्यात लिहिलं होतं. नाकाचा, घशाचा, डोळ्याचा उल्लेखच नव्हता. 'सर्टिफाइड हेल्दी' हे शब्द विकणाऱ्याचे, दाखल्याचे नव्हेत.

सात महिन्यांचा असताना त्याची शस्त्रक्रिया झाली. नाकपुडीच्या भिंतीतून पाचरीसारखा तुकडा काढून टाके घातले. त्याच भुलेत घसा पाहिला तर मऊ टाळू लांब होऊन श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबत होती, तीही आखूड केली. टाळूची ही गोष्ट कुठल्याही फोटोत दिसली नसती, आणि नाकपुड्या छान उघड्या असलेल्या पिल्लातही ती असू शकते. म्हणून फोटो चांगला आला म्हणजे पिल्लू निरोगी, असं मी म्हणणार नाही. वाईट फोटो मात्र बरंच सांगून जातो, आणि चांगला फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर त्याहून जास्त. ढब्बू आता बरा आहे. घोरतो अजून, उन्हात बाहेर नेत नाही, आणि मॅडम म्हणतात की वर्षाचा झाला की तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवून पुन्हा श्वास तपासायचा.

पैसे परत मागितले तेव्हा विकणारा शांतपणे म्हणाला, "मी काही लपवलं का? फोटो बघूनच घेतलंत ना?" या वाक्याने मला अजून झोप येत नाही, कारण ते अर्धं खरं आहे. नाक त्याने लपवलं, घडी लपवली, आवाज लपवला. पण तोंडात ससा धरून झोपलेलं पिल्लू त्याने उघड दाखवलं होतं.

गेल्या महिन्यात ताईने मला पर्शियन मांजरीच्या पिल्लाचा फोटो पाठवला. नंबर बघितला, माणूस तोच. मांजराचं नाक डोळ्यांच्या मधोमध, इतकं वर की त्याची वरची कड खालच्या पापणीच्याही वर गेलेली. जर्मनीतल्या प्राणिकल्याणाच्या तज्ज्ञ अहवालात हीच रेषा मर्यादा म्हणून सांगितली आहे: नाकाची वरची कड खालच्या पापणीच्या वर नको. चेहरा इतका दाबला गेला की डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळीही वेडीवाकडी होते आणि पाणी गालावर उतरतं. त्याचे तपकिरी ओघळ फोटोत पुसलेले होते, पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक टोक राहून गेलं होतं. ताईला ते 'काजळासारखं' वाटलं.

मी तिला म्हटलं, त्याच्याकडे दोनच गोष्टी माग. एक, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता, तोंड मिटलेलं असताना नाकाच्या उंचीवरून सरळ समोरून काढलेला फोटो. दुसरी, खेळून झाल्या झाल्या शांत खोलीत काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आवाजासकट.

ताईने मागितलं. संध्याकाळी फोटो आला. मांजर समोरून, तोंड मिटलेलं, उजेडही दिवसाचाच. नाकावर गुलाबी बदामाचं स्टिकर चिकटवलं होतं. ताईने स्टिकर काढून पाठवा असं लिहिलं, तो मेसेज पोहोचलाच नाही. त्याने तिला ब्लॉक केलं होतं.