बस लावून बसलेल्या टीमसमोर मधून जायचं की बाजूने? एफसी २४ मधले माझे दोन सेटअप

माझा मावसभाऊ सुट्टीत आला की एफसी २४ या फुटबॉल गेममध्ये एकच धंदा करतो. ५-२-१-२ लावतो, डिफेन्सिव्ह स्टाइल ड्रॉप बॅक, डेप्थ पंचवीसच्या आसपास, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला एखाद्या काउंटरवर गोल मारला की पुढची सगळी मॅच स्वतःच्या बॉक्ससमोर खाट टाकून बसतो. वर तोंडाने चालूच, "दादा, ये ना आत, कोण अडवतंय." आणि मी मधून पास, मधून पास करत बसायचो, पझेशन सत्तर टक्के आणि शॉट ऑन टार्गेट एक. ऑनलाइन पण असले लोक भरपूर भेटतात म्हणून शेवटी दोन वेगवेगळे प्लॅन बनवले, एक मधून फोडायचा आणि एक बाजूने, आणि आता दोन्ही बरेच दिवस खेळून झालेत. कुठला घ्यावा असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी दोन्ही प्लॅनला लागू आहे. चान्स क्रिएशनमध्ये फॉरवर्ड रन्स ठेवलं असेल तर ते काढा. मोकळ्या मॅचमध्ये भारी चालतं, पण समोरचा खाली बसलेला असताना त्याच्या डिफेन्सच्या मागे पळायला जागाच नसते, मग आपले सगळे पुढचे प्लेयर आपोआप पळत जाऊन त्याच्या सेंटर बॅकच्या शेजारी चिकटून उभे राहतात. बॉल तुमच्याकडे आणि पास द्यायला जवळ कोणीच नाही, सगळे तिकडे लायनीत. हे ओळखायचं कसं तर रडार बघा, तुमचे चार-पाच ठिपके त्याच्या शेवटच्या लायनीवर एका रेषेत दिसले की समजा हाच घोळ आहे. प्लेयर्स इन बॉक्स पण दहावर नेऊ नका, बॉक्समध्ये गर्दी वाढते, कडेला कोणी उरत नाही आणि बॉल गेला की मागे फक्त दोन सेंटर बॅक.

आता मधला प्लॅन. फॉर्मेशन ४-१-२-१-२, नॅरोवाला, म्हणजे ज्यात एलएम-आरएम नसतात आणि त्यांच्या जागी दोन सीएम असतात तो. बिल्ड अप स्लो, चान्स क्रिएशन पझेशन, अटॅकची विड्थ चाळीसच्या आसपास, बॉक्समध्ये चार. स्लो बिल्ड अपचा फायदा असा की प्लेयर पळून जाण्याऐवजी बॉलकडे येतात, त्यामुळे छोटे छोटे पास मिळत राहतात. इन्स्ट्रक्शन्समध्ये खरा खेळ दोन स्ट्रायकरचा आहे. एकाला फॉल्स नाइन द्यायचं आणि दुसऱ्याला स्टे सेंट्रल आणि गेट इन बिहाइंड. पहिला खाली सरकतो, त्याच्यामागे समोरचा सेंटर बॅक बाहेर आला की त्याने सोडलेल्या भोकात दुसरा घुसतो. सीएएमला फ्री रोम, सीडीएमला स्टे बॅक आणि कव्हर सेंटर, आणि दोन सीएमपैकी एकाला स्टे ऑन एज ऑफ बॉक्स फॉर क्रॉस, हे नाव क्रॉसचं असलं तरी बॉक्सच्या टोकाशी एक माणूस हजर राहतो हे महत्त्वाचं. विड्थ फक्त फुलबॅक देतात, म्हणून त्यातल्या एकाला जॉइन द अटॅक. दोघांना देऊ नका, सत्तराव्या मिनिटाला दोघांचा स्टॅमिना संपलेला असतो.

हा प्लॅन खेळायला मजा येते पण हात साफ लागतो. एक पास अर्धा सेकंद उशिरा गेला तरी समोरच्याचा पाय मध्ये येतो. आणि याला जागा लागते ती सेंटर बॅक बाहेर ओढला गेल्यावरच, म्हणजे समोरचा माणूस स्वतः सेंटर बॅक हातात घेऊन तुमच्यावर धावून येत असेल तर सोन्याहून पिवळं. पण तो हुशार असेल आणि हातात मिडफिल्डर घेऊन बॉक्सच्या तोंडाशी फक्त पासच्या वाटा अडवत बसला असेल तर इथे डोकं आपटून काही होत नाही.

बाजूचा प्लॅन ४-४-२ वर आहे आणि याच्यावर मी जास्त लिहिणार कारण लोक हाच चुकीचा खेळतात. विड्थ सत्तर, बिल्ड अप बॅलन्स्ड, चान्स क्रिएशन डायरेक्ट पासिंग, बॉक्समध्ये पाच. लोक काय करतात की दोन्ही बाजू सारख्याच सेट करतात, दोन्ही फुलबॅक वर, दोन्ही विंगर बाहेर. मी एकच बाजू जड करतो. डावीकडे एलएमला स्टे वाइड, लेफ्ट बॅकला जॉइन द अटॅक आणि ओव्हरलॅप. उजवीकडे राइट बॅकला स्टे बॅक व्हाइल अटॅकिंग, आरएमला कट इनसाइड आणि गेट इन टू द बॉक्स फॉर क्रॉस, म्हणजे तो दूरच्या पोस्टला तिसरा स्ट्रायकर होतो. एक सीएम स्टे बॅक, दुसरा स्टे ऑन एज. हिशेब लावा, मागे दोन सेंटर बॅक, राइट बॅक आणि एक सीएम असे चार उरतात, आणि मावसभावाचे पुढे उभे असतात ते दोन स्ट्रायकर आणि एक सीएएम. चाराला तीन. काउंटर आला तरी हातपाय गाळायची वेळ येत नाही.

एक गोल कसा होतो ते सांगतो कारण सेटिंग लावलं की गोल होतो असं नाहीये. एलएमकडे लायनीजवळ बॉल दिला आणि थांबलो. थांबायचंच, हे फार लोकांना जमत नाही. समोर त्याचा विंगबॅक आला. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर एल१ दाबून लेफ्ट बॅकला पळवला, तो बाहेरून पुढे निघाला. आता विंगबॅक एकटा आणि आपले दोघं, कारण ५-२-१-२ मध्ये विंगबॅकच्या पुढे मदतीला कोणी नसतंच. तो एलएमवरच राहिला म्हणून बॉल लेफ्ट बॅकला, लेफ्ट बॅक थेट गोल लाइनपर्यंत. त्या बाजूचा सेंटर बॅक त्याच्यावर निघाला, उरलेले दोन सेंटर बॅक आमच्या स्ट्रायकरला धरून गोलच्या तोंडाशी सरकले. आणि इथेच माझा हात आधी सवयीने चौकोनावर जायचा, उंच क्रॉस. तीन उंच सेंटर बॅकमध्ये उंच क्रॉस म्हणजे बॉल त्याला दान, हेडरने बाहेर, त्याच्या सीएएमच्या पायात, पळा मागे. त्याऐवजी मागे वळवून जमिनीवरून, आर१ आणि पासचं एक्स बटण, जोरात पास बॉक्सच्या टोकावरच्या सीएमला. सगळा डिफेन्स गोलकडे तोंड करून धावत असतो, टोकावर चार-पाच पावलांची जागा मोकळी असते. एक टच, मग फिनेस. म्हणून त्या स्टे ऑन एजवाल्या सीएमच्या जागी चांगला फिनेस शॉट असलेला प्लेयर हवा, तिथे नुसता दांडगा डिफेन्सिव्ह सीएम ठेवला तर सगळी मेहनत प्रेक्षकांत जाते.

याचा तोटा म्हणजे लेफ्ट बॅक वेगवान हवाच हवा, मंद असेल तर ओव्हरलॅप पोचेपर्यंत विंगबॅक परत सावरतो आणि सगळं बारगळतं.

मग निवडायचं कसं? माझा एकच प्रश्न असतो आणि तो मॅच सुरू व्हायच्या आधीच त्याची फॉर्मेशन बघून विचारतो: त्याच्या फुलबॅकच्या किंवा विंगबॅकच्या पुढे त्याच बाजूला अजून एक माणूस आहे का? ५-२-१-२, ५-३-२, नॅरो ४-१-२-१-२, यांच्यात नाही, तिथे बाजू उघडी असते आणि मधे माणसांची रास असते, सरळ बाजूने जा. ४-४-२ किंवा ४-५-१ ड्रॉप बॅक असेल तर एलएम आणि फुलबॅक दोघं मिळून तुमची बाजू बंद करतात, दोघांवर दोघं होतात आणि ओव्हरलॅपचा उपयोग उरत नाही. पण ४-४-२ च्या मधे त्याचे फक्त दोन सीएम असतात आणि नॅरो प्लॅनमध्ये तिथे आपले सीडीएम, दोन सीएम, सीएएम असे चार होतात, मग मधूनच जायचं. ४-५-१ मध्ये मधे एक माणूस वाढतो त्यामुळे वेळ लागतो पण तरी चौथा आपलाच जास्त असतो.

मेटा काय आहे, कोण काय लावतं, याच्यापेक्षा हे मोजणं मला जास्त उपयोगी पडलंय. आणि पहिले तीन-चार अटॅक कुठे मेले ते आठवा. बॉक्सच्या बाहेर पास अडवले गेले असतील तर मध्य तुंबलाय, बाजूला जा. क्रॉस आणि कटबॅक मधल्यामधे कापले जात असतील आणि त्याचा एखादा सीएम सारखा बाजूला धावत येत असेल तर मधे भोक पडलंय.

मी दोन्ही वेगवेगळ्या गेम प्लॅनमध्ये ठेवतो, बॅलन्स्डमध्ये बाजूचा, अटॅकिंगमध्ये मधला, मग मॅच चालू असताना डी-पॅडच्या डाव्या-उजव्या बाणाने बदलता येतं, पॉज लागत नाही. यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. प्रत्येक गेम प्लॅनला इन्स्ट्रक्शन्स वेगळ्या द्याव्या लागतात आणि फॉर्मेशन बदलली की गेम स्वतःच्या मनाने प्लेयर कुठल्याही जागी बसवतो. एका मॅचमध्ये अटॅकिंग दाबलं आणि माझा आरएम, ज्याला टॅकल म्हणजे काय माहीत नाही, तो सीडीएम झाला. दोन मिनिटांत गोल खाल्ला आणि कारण मॅच संपल्यावर कळलं. तर आधी मेन्यूत जाऊन प्रत्येक प्लॅनमध्ये कोण कुठे बसतोय ते हाताने लावून घ्या.

एफसी २५ घेतलं असेल तर तिथे या इन्स्ट्रक्शन्सच्या जागी रोल्स आलेत, त्यामुळे वरची नावं शोधत बसू नका, पण एक बाजू जड करायची आणि टोकावर एक माणूस ठेवायचा हे तिथेही रोल निवडून करता येतं.

मावसभावाचं म्हणाल तर गेल्या वेळी साठाव्या मिनिटाला वर सांगितला तसाच कटबॅक बसला, एक-एक. लगेच पठ्ठ्याने पॉज केलं आणि ५-४-१ लावली, म्हणजे आता विंगबॅकच्या पुढे माणूस आला. मी बाण दाबून मधल्या प्लॅनवर गेलो, शेवटच्या दहा मिनिटांत दोनदा फॉल्स नाइनच्या मागून दुसरा स्ट्रायकर मोकळा निघाला, एक पोस्टला लागला आणि एक गोलकीपरने पायाने काढला. पेनल्टीत हरलो. पेनल्टीसाठी कुठलंही टॅक्टिक्स नाहीये, असतं तर ते पण लिहिलं असतं.