शब्द बदलायचा की वाक्याची सुरुवात?

कोथरूडमधल्या एका सोसायटीची लांबलचक ईमेल. त्यातला तुकडा: ‘समितीने टाकी धुवायला माणूस नेमला आहे. समितीने रविवार ठरवला आहे. समितीने टँकर मागवला आहे.’ तिन्ही वाक्यांची सुरुवात ‘समितीने’ याच शब्दाने होते, ते खटकतं.

पहिला उपाय प्रतिशब्दांचा: समिती, कार्यकारिणी, व्यवस्थापन. सुरुवात तशीच ठोकळेबाज राहते, वर निर्णय तिघांनी घेतले की काय, अशी शंका येते. ‘टाकी’चा ‘जलकुंभ’ केलात तर विचारूच नका!

दुसरा उपाय सुरुवात हलवण्याचा: ‘टाकी धुवायला समितीने माणूस नेमला आहे. काम रविवारी होईल. त्या दिवसापुरता टँकर मागवला आहे.’ कर्ता एकदा सांगितला की मराठीत पुढे गाळता येतो. मात्र मध्येच बिल्डरचा उल्लेख आला, तर ‘समितीने’ पुन्हा लिहावंच लागतं.