यादीचं पत्र की एका प्रोजेक्टचं?

दुसऱ्या वर्षाला इंटर्नशिपसाठी पत्र लिहायचं म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे जे जे येतं त्याची यादी: सी, पायथन, ऑटोकॅड, आर्डुइनो, आणि खाली ‘शिकण्याची तीव्र इच्छा’. दुसरी म्हणजे एकच प्रोजेक्ट घेऊन त्यावरच बोलायचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीजना मी दोन्ही प्रकारची पत्रं पाठवली.

यादीचं पत्र लवकर होतं, कंपनीचं नाव बदललं की पुढचं तयार. पण त्यावर फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, “बरं, पण तुला नक्की काय येतंय?” मग सगळं फोनवर पहिल्यापासून सांगायचं, तेही समोरच्याच्या मागे ग्राइंडर चालू असताना. याच गोष्टीला मी वैतागलो. पत्रानं जे सांगायला हवं होतं, ते मलाच सांगावं लागत होतं.

माझा प्रोजेक्ट तसा किरकोळ. लॅबमधल्या मफल फर्नेसचं तापमान के-टाइप थर्मोकपल आणि मॅक्स ६६७५ चिपनं लॅपटॉपवर नोंदवायचं. दुसऱ्या पत्राचा मधला परिच्छेद असा होता:

“भट्टी तापत असूनही आकडा एकाच जागी अडकत होता. आधी वायरिंग तपासलं, ते ठीक होतं. मग डेटाशीट वाचली. या चिपला एक मोजमाप पूर्ण करायला ०.२२ सेकंदापर्यंत वेळ लागतो आणि मध्येच वाचलं तर चालू मोजमाप थांबतं. मी दर ०.१ सेकंदाला वाचत होतो. `delay(100)` चं `delay(250)` केल्यावर आकडा हलू लागला. ही चिप १०२४ अंशांपर्यंतच मोजते, त्यामुळे तुमच्या वितळलेल्या बीडाच्या जवळपास १४०० अंशांसाठी ती उपयोगाची नाही. ओतण्याआधी तुम्ही तापमान कशानं मोजता आणि त्या नोंदी पुढे कुठे जातात, हे मला जवळून बघायचं आहे.”

यात ‘मला कुतूहल आहे’ असं कुठंच लिहिलेलं नाही. डेटाशीट उघडली यातून ते कळतं, शेवटच्या प्रश्नातूनही. शिवाय मर्यादा आपणच सांगितली की ‘एवढ्याशा सर्किटचा आम्हाला काय उपयोग’ हा प्रश्न उरत नाही. या पत्रावर आलेल्या एका फोनची सुरुवातच “आम्ही डिप टिप वापरतो, ये बघायला” अशी झाली. डिप टिप म्हणजे वितळलेल्या धातूत बुडवून तापमान मोजायचं टोक. एका फोनवरून नियम काढू नये, हे मान्य.

मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कौशल्यांचे रकाने असतात, तिथं यादीच भरावी लागते. आणि प्रोजेक्टच्या पत्राला मेहनत जास्त, कारण शेवटचा प्रश्न प्रत्येक कारखान्यासाठी वेगळा काढावा लागतो. मशीन शॉपला बीडाचं तापमान विचारून काय उपयोग? पण मालक स्वतः मेल वाचत असेल, तर मी तरी दुसरंच पत्र पाठवीन. यादी बायोडेटात असतेच. पत्रात तिच्या जागी सुट्टीच्या नेमक्या तारखा टाकाव्यात, त्या पाहिल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही.